२बीत न दिसणारी बिलं आणि परचेसचा बायर: अधिकार नसताना मदत कशी मागायची

कारखान्याच्या अकाउंट्स विभागात दर महिन्याच्या १४ तारखेनंतर एक काम ठरलेलं असतं. जीएसटी पोर्टलवर २बी तयार झालेलं असतं. आपल्या सप्लायरांनी आपल्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली, त्याची ही यादी. ती आपल्या खरेदी रजिस्टरशी ताडून बघायची. जी बिलं आपल्या पुस्तकात आहेत पण २बीत नाहीत, त्यांच्यावरच्या टॅक्सचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. तेवढी रक्कम कंपनीला २० तारखेच्या आत, ३बी हे टॅक्स भरण्याचं महिन्याचं रिटर्न भरताना, रोखीने भरावी लागते.

सप्लायरने बिल का दाखवलं नाही हे शोधायचं तर सप्लायरशी बोलावं लागतं, आणि सप्लायर ओळखतो तो परचेसच्या बायरला. ऑर्डर तो देतो, भाव तो ठरवतो, मालकाचा मोबाइल नंबर त्याच्याकडे असतो. अकाउंट्समधल्या माणसाचा बायरवर काडीचाही अधिकार नसतो. त्याचा साहेब वेगळा, टार्गेट वेगळं, आणि २बीत बिल आलं नाही म्हणून त्याचं काहीच अडत नाही. तरी फोन त्यानेच करावा लागतो.

दुसऱ्या विभागातल्या माणसाकडे मदत मागण्याचे प्रसंग ऑफिसात पुष्कळ असतात. त्यातला हाच घेण्याचं कारण असं की इथे तारखा ठरलेल्या आहेत, रक्कम ठरलेली आहे, आणि मागणी का फसते हे बोट ठेवून दाखवता येतं.

आधी बायरच्या खुर्चीतून

बायरला मोजतात ते तीन गोष्टींवर: माल वेळेवर आला का, भाव वाढला का, आणि कुठल्या पार्टसाठी लाइन थांबली का. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग ही त्याच्यासाठी रोजची परीक्षा असते. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचच्या धावपळीत जातात आणि त्याच सुमारास पुढच्या महिन्याचं शेड्यूल सप्लायरांना द्यायचं असतं. ज्या सप्लायरला आपण 'रिटर्न न भरणारा' म्हणतो, त्याच्याकडूनच त्याला उद्या अर्जंट दोनशे नग हवे असतात. अशा माणसाशी रिटर्नवरून वाजवून घ्यायला तो सहजी तयार होत नाही. त्याच्या जागी आपणही झालो नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि ती अकाउंट्सच्या लक्षात फार उशिरा येते. बायरने पूर्वी कधीतरी अकाउंट्सच्या सांगण्यावरून सप्लायरला झापलेलं असतं आणि नंतर कळलेलं असतं की सप्लायरने बिल नीट दाखवलं होतं, आपल्याकडेच बिल नंबर चुकीचा टाकला होता. त्या दिवशी त्याला सप्लायरपुढे खाली बघावं लागलं. त्यानंतर अकाउंट्सकडून आलेली कोणतीही यादी तो आधी बाजूला ठेवतो. हा आळस नव्हे. एकदा पोळलेला माणूस जपून वागतो, इतकंच.

म्हणून बायरकडे जाण्याआधीचं काम हेच मागणीतलं सगळ्यात मोठं काम आहे. त्याला पाठवायचा मेसेज पाच ओळींचा असतो. त्यामागची तयारी दोन दिवसांची.

४६ बिलांची १३ कशी होतात

उदाहरणासाठी एक मध्यम कारखाना धरू. जून महिन्याची खरेदी १४ जुलैला आलेल्या २बीशी ताडली. ४६ बिलं जुळली नाहीत. त्यांच्यावरचा टॅक्स ९,८४,००० रुपये.

बहुतेक ठिकाणी इथेच चूक होते. ४६ ओळींची एक्सेल फाइल सगळ्या बायरांना एकदम जाते, सीसीत दोन्ही विभागांचे प्रमुख, वर एक ओळ: 'कृपया लवकरात लवकर सप्लायरकडे पाठपुरावा करावा.' या मेलला उत्तर येत नाही, कारण तो कोणालाच उद्देशून नसतो. प्रत्येक बायरला वाटतं यातली माझी थोडीच असतील. सीसीतले प्रमुख बघून त्याला मदतीपेक्षा तक्रारीचा वास आधी येतो.

त्याऐवजी ती ४६ बिलं आधी चाळायची.

पहिली चाळणी आपल्याच चुकांची. २बीत नसलेलं बिल पुष्कळदा तिथेच असतं, वेगळ्या रूपात. बिलावर 'एबीसी/०४५/२५-२६' असतं आणि आपल्याकडे नुसतं '४५' नोंदवलेलं असतं. शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलेला असतो. एकाच सप्लायरचे दोन राज्यांत दोन जीएसटी नंबर असतात आणि आपण बिल भलत्यावर चढवलेलं असतं. शोधायची सोपी रीत अशी: बिल नंबर विसरून जायचा आणि सप्लायरचा पॅन व टॅक्सची रक्कम यांवर शोधायचं. जीएसटी नंबरातली पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दहा पॅनची, त्यामुळे नंबर चुकला तरी पॅन पकडता येतो. आपल्या उदाहरणात १४ बिलं अशी निघाली, टॅक्स २,१०,०००. यात बायरचा काही संबंध नव्हता. ती यादीत राहिली असती तर मात्र त्याचा विश्वास गेला असता.

दुसरी चाळणी आपल्याला थेट सोडवता येतील अशा बिलांची. कुरिअर, स्टेशनरी, यंत्रांची किरकोळ दुरुस्ती, भाड्याची गाडी. अशांच्या बिलावरच अकाउंटंटचा नंबर किंवा मेल असतो. तिथे बायरचं वजन लागत नाही, आपला एक फोन पुरतो. अशी १९ बिलं, टॅक्स मिळून ६४,०००.

उरली १३ बिलं, चार सप्लायरांची, टॅक्स ७,१०,०००. या चौघांच्या अकाउंटंटना दोन मेल आणि एक फोन करून झाला, उत्तर आलं नाही. बायरकडे जायचं ते आता, आणि फक्त या चौघांसाठी. ४६ पैकी १३ बिलं असली तरी अडकलेल्या टॅक्सचे जवळजवळ पाऊण हिस्से याच चौघांत आहेत, ही गोष्ट नेहमीचीच.

चौघांतही बायर वेगळे. कास्टिंगवाला आणि मशीनिंगवाला एका बायरकडे, खोकीवाला आणि टूलवाला दुसऱ्याकडे. ज्याचे त्याला वेगळे सांगायचे. दुसऱ्याच्या सप्लायरांची नावं आपल्या मेलमध्ये दिसली की माणूस आपलं नावही वरवर वाचतो.

अडलंय कुठे, ते मागण्याआधी बघा

सप्लायरने रिटर्न भरलं का हे बघायला कोणाची परवानगी लागत नाही. पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये त्याचा जीएसटी नंबर टाकला आणि `Show Filing Table` दाबलं की त्याने कोणत्या महिन्याचं कोणतं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मागणी काय असावी हे यावरच ठरतं.

खोकीवाल्याने जूनचं जीएसटीआर-१ वेळेत भरलेलं दिसलं, पण आपली चार बिलं त्यात नाहीत. म्हणजे त्याच्या अकाउंटंटने ती सोडली किंवा आपला जीएसटी नंबर न टाकता किरकोळ विक्रीत दाखवली. इथे बायरकडून हवा आहे तो फक्त काम करणाऱ्या अकाउंटंटचा नंबर. बाकीचं आपण त्याच्याशी बोलून निस्तरू शकतो.

कास्टिंगवाल्याची गोष्ट निराळी. सहा बिलं, टॅक्स ४,३०,०००. तक्त्यात जूनचं जीएसटीआर-१ नाहीच, आणि मागे बघितलं तर मे महिन्याचं ३बीही नाही. याचा अर्थ समजून घ्यायला हवा. जीएसटीआर-१ ही नुसती विक्रीची यादी आहे, ती भरायला पैसे लागत नाहीत. ३बी भरताना टॅक्स भरावा लागतो. आणि मागच्या महिन्याचं ३बी बाकी असेल तर पोर्टल पुढचं जीएसटीआर-१ भरू देत नाही. म्हणजे हा माणूस विसरलेला नाही. त्याच्या हातात बहुधा पैसे नाहीत. त्याच्या अकाउंटंटला दहा मेल करून काय उपयोग? अकाउंटंट काय उत्तर देणार? खरं काय ते मालक सांगेल, आणि तेही अनेक वर्षांच्या ओळखीच्या बायरलाच.

मशीनिंगवाल्याचं एकच बिल, टॅक्स ४०,०००. त्याने रिटर्न भरलंय, आपली बाकीची सगळी बिलं दाखवलीत, हे एक सोडून. असं दिसलं की भावाचा किंवा रिजेक्शनचा वाद असण्याची शक्यता जास्त. तो वाद कागदावर कुठेच नसतो, बायरच्या डोक्यात असतो.

एकाच बायरकडच्या दोन सप्लायरांसाठीही मागणी वेगळी झाली, ती अशी. 'पाठपुरावा करा' हा शब्द दोन्हीकडे चालला असता आणि दोन्हीकडे निरुपयोगी ठरला असता.

कधी मागायचं

बायरकडे सगळ्यात जास्त फोन जातात ते १७, १८, १९ तारखेला. ३बीची २० तारीख डोक्यावर असते, साहेब विचारत असतात, आणि अकाउंट्सची घालमेल शिगेला असते. पण नेमक्या याच दिवसांत बायरची मदत सगळ्यात कमी कामाची असते.

कारण साधं आहे. जूनच्या २बीत कोणती बिलं येणार याचा निकाल सप्लायरने ११ जुलैपर्यंत जीएसटीआर-१ भरलं की नाही यावर लागतो (तिमाहीवाल्यांना १३ तारीख). १४ नंतर सप्लायरने धावतपळत रिटर्न भरलं, किंवा राहिलेलं बिल त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये टाकलं, तरी आपल्याला ते दिसणार पुढच्या २बीत, म्हणजे १४ ऑगस्टला. १८ जुलैला बायरने सगळी कामं टाकून फोन केला काय आणि २४ जुलैला निवांत केला काय, आपल्या हाती क्रेडिट एकाच दिवशी येणार.

बायरला हे नियम ठाऊक नसतात. पण १८ तारखेला आपण त्याच्या नाकी नऊ आणले, त्याने फोन केला, सप्लायरने रिटर्न भरलंही, आणि तरी आपण २० तारखेला म्हणालो की 'या महिन्यात नाही मिळालं', तर त्याच्या मनात एकच गोष्ट राहते: यांची घाई खोटी होती.

म्हणून २० तारखेला ३बी भरून मोकळं व्हायचं आणि २१ ते २६ च्या दरम्यान मागायचं. पुढे महिनाअखेर येते, तेव्हा बायरला त्रास देऊ नये. त्यानंतर १ ते ८ तारखेच्या मध्ये एक आठवण पुरे. ११ च्या अगदी तोंडावर सप्लायरचा कर सल्लागारच गाठ पडत नाही, म्हणून शेवटची तारीख ८ धरायची.

नेहमी उशीर करणाऱ्या सप्लायरांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. सप्लायरने जीएसटीआर-१ मध्ये बिल नुसतं सेव्ह केलं तरी ते आपल्या पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये दिसायला लागतं. क्रेडिट अर्थातच त्याने रिटर्न फाइल केल्यावर. पण ९ तारखेला तिथे नजर टाकली तर कोणाची बिलं निदान चढली आहेत ते कळतं, आणि त्यांच्यासाठी बायरला विनाकारण फोन करावा लागत नाही.

मागणीचे शब्द

मेलआधी समोरासमोर किंवा फोनवर दोन मिनिटं बोललेलं बरं, सकाळची मीटिंग आटोपल्यावर. मग लेखी मेसेज, म्हणजे आकडे त्याच्या हाताशी राहतील. आपल्या उदाहरणातली अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह वयाने आणि हुद्द्याने लहान आहे, बायर पंधरा वर्षांचे जुने. २२ जुलैला तिने त्यांना असं लिहिलं असं समजा:

> नमस्कार सर, सकाळी बोललो त्या दोन सप्लायरांचं.
>
> १) कास्टिंग: जूनच्या ६ बिलांवरचा ४,३०,००० टॅक्स आपल्याला मिळालेला नाही. पोर्टलवर त्यांचं मेचं ३बी आणि जूनचं जीएसटीआर-१ दोन्ही बाकी दिसतंय. आमच्याकडचे बिल नंबर, तारखा आणि जीएसटी नंबर मी स्वतः तपासलेत, आपली चूक नाही. त्यांच्या अकाउंटंटला १७ आणि १९ ला मेल केले, काल फोन केला, उत्तर नाही. तुम्ही मालकांना एवढंच विचाराल का, की अडचण काय आहे आणि रिटर्न साधारण कधी भरतील? ८ ऑगस्टच्या आत भरलं तर आपल्याला ऑगस्टमध्ये क्रेडिट मिळेल. नाही भरलं तर पैसे बुडत नाहीत, पण आणखी एक महिना अडकतात.
>
> २) मशीनिंग: एकच बिल, टॅक्स ४०,०००. बाकी सगळं त्यांनी भरलंय, म्हणून विचारते, या बिलावर काही वाद चालू आहे का? असेल तर मी थांबते.
>
> टॅक्सचं बोलणं मी करेन, तुम्ही फक्त ओळख करून द्या. पेमेंटबद्दल ते विचारतील म्हणून त्यांची बाकी बिलं आणि तारखा खाली दिल्या आहेत.

या मेसेजमधली काही वाक्यं सहज आल्यासारखी वाटतात, पण ती मुद्दाम आहेत.

'आपली चूक नाही, मी स्वतः तपासलं' हे वाक्य बायरच्या जुन्या अनुभवाला उत्तर आहे. ते खरं असेल तरच लिहावं. एकदा खोटं निघालं तर पुढचं वर्षभर त्याला किंमत राहत नाही.

'पैसे बुडत नाहीत' हे लिहायला अकाउंट्सवाले कचरतात. वाटतं, असं सांगितलं तर तो करणार नाही. पण खरं तेच आहे. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर त्या वर्षाच्या बिलांचं क्रेडिट घेता येतं. जुलैत 'चार लाख गेले' म्हणून ओरड केली आणि ऑगस्टमध्ये ते मिळाले, तर पुढच्या नोव्हेंबरमध्ये खरोखरच पैसे जाणार असतील तेव्हा तोच शब्द कोणी ऐकणार नाही. खरी निकड त्या दिवसासाठी राखून ठेवावी.

'मी थांबते' हे वाक्यही मोलाचं आहे. भावाचा वाद चालू असताना त्याच सप्लायरकडे बिल दाखवा म्हणून आग्रह धरणं म्हणजे बायरने टेबलावर धरलेली बाजू मागून ढकलून देणं. ४०,००० चं क्रेडिट एक महिना उशिरा आलं तर चालेल.

आणि शेवटची ओळ, पेमेंटच्या तारखांची. सप्लायर बायरला दिवसातून एकदा तरी विचारतो, 'साहेब, आमचं पेमेंट?' बायरला माहीत नसतं. तो अकाउंट्सला फोन करतो, तिथे कोणी नीट सांगत नाही. अधिकार नसलेल्या अकाउंट्सच्या हातात बायरला देण्यासारखं काही असेल तर ते हेच: पेमेंटची खरी तारीख, न विचारता. हे सौद्यासारखं मांडायचं नाही. त्याला फोन करायचा आहे, तर रिकाम्या हातांनी पाठवायचं नाही, एवढंच.

फोन झाल्यावर काय निघतं

बायरने कास्टिंगवाल्याला फोन केला. मालक म्हणाले, टॅक्स भरायला पैसे नाहीत, कारण तुमच्याच कंपनीकडे एप्रिलची दोन बिलं अडकलीत. बायरने आपल्या मेसेजखालची यादी बघितली. ती दोन बिलं तिथे 'होल्ड' म्हणून होती, कारण इन्स्पेक्शन रिपोर्ट नव्हता. माल मे महिन्यातच लाइनवर वापरून झाला होता. क्वालिटीने कागद बंद केला नव्हता.

अशी गाठ कारखान्यात पदोपदी सापडते. अकाउंट्स म्हणतं सप्लायर रिटर्न भरत नाही, सप्लायर म्हणतो कंपनी पैसे देत नाही, आणि मधला अडथळा तिसऱ्याच विभागाच्या टेबलावर असतो. एकट्या अकाउंट्सला हे कधीच दिसलं नसतं. 'होल्ड' हा शब्द त्यांच्या सिस्टिममध्ये रोज दिसतो, त्यामागे चार लाखांचं क्रेडिट अडलंय हे मात्र दिसत नाही.

इथून पुढे मदत उलट दिशेने वाहते. क्वालिटीकडून रिपोर्ट बंद करून घेणं बायरला सोपं, त्याचं रोजचं येणं-जाणं असतं. रिपोर्ट येताच पेमेंट रनमध्ये ती बिलं घेणं अकाउंट्सच्या हातात. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर हे तसंही करायलाच हवं. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, ही मुदत उलटल्यास त्यावर व्याज लागतं, आणि आयकरात ती रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी मिळण्यातही अडचण येते. पैसे ३० जुलैला गेले, ६ ऑगस्टला त्यांनी मेचं ३बी आणि जूनचं जीएसटीआर-१ भरलं, तर १४ ऑगस्टच्या २बीत सहाही बिलं येतात.

जिथे मागणी बिघडते

सगळ्यात जास्त नुकसान करणारा उपाय म्हणजे बायरला न सांगता पेमेंट रोखणं. अकाउंट्सच्या हातात असलेलं हे एकमेव हत्यार, म्हणून मोह होतो. पण सप्लायर पहिला फोन बायरला करतो, बायरला काहीच माहीत नसतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुटत नाही. लाइन थांबली तर तोटा टॅक्सच्या कितीतरी पट. कास्टिंगवाल्यासारख्या प्रकरणात तर पैसे रोखणं म्हणजे रिटर्न भरण्याचा त्याचा शेवटचा मार्गही बंद करणं. काही कंपन्या पीओच्या अटींतच लिहितात की २बीत बिल दिसेपर्यंत टॅक्सपुरती रक्कम राखून ठेवली जाईल. अशी अट असेल तर ती उघडपणे, बायरला आधी कळवून वापरावी, आणि तेवढीच रक्कम. अट नसेल तर नंतर मनाने लावू नये.

दुसरा बिघाड साहेबांना सीसीत घालण्याचा. पहिल्याच मेलला सीसी घातली तर वरच्याला कळवणं हीच खरी मागणी आहे, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण दोनदा मागून, कारण विचारून, मागणी लहान करूनही काही झालं नाही, तर वर न्यावंच लागतं. तेव्हा आधी बायरलाच सांगावं: 'सर, ८ तारीख आली, रक्कम मोठी आहे, म्हणून मला दोन्ही साहेबांना कळवावं लागेल. तुमची अडचण काय आहे तेही त्यात लिहिते, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही.' आणि खरंच लिहावं. 'बायर प्रतिसाद देत नाहीत' असं लिहिण्याऐवजी 'या सप्लायरला सध्या आपल्याकडे दुसरा पर्याय नाही, त्यामुळे परचेसला दबाव टाकता येत नाही. टॅक्स अडकू द्यायचा की दुसरा सप्लायर शोधायचा, हे ठरवून हवं' असं लिहिलं की वरच्यांपुढे प्रश्न ठेवला जातो, माणूस नाही. पुष्कळदा तो प्रश्न खरोखर वरचाच असतो. अकाउंट्स आणि बायर यांनी कितीही गोड बोललं तरी तो त्यांच्या पातळीवर सुटणारा नसतो.

नकार आला तर त्याचा प्रकार ओळखावा. 'आता वेळ नाही' असेल तर १ तारखेनंतर विचारावं. 'मला त्याच्याशी वाईट व्हायचं नाही' असेल तर फक्त नंबर मागावा आणि बोलणं स्वतः करावं. 'हे माझं काम नाही' असं म्हणाले तर ते बहुतेक खरंही असतं. तेव्हा वाद न घालता विचारावं, मग तुमच्याकडे यासाठी कोणाला विचारू? मोठ्या परचेस विभागात सप्लायरांची माहिती सांभाळणारा एखादा माणूस असतो, आणि बायर त्याचं नाव सहज देतात.

१४ ऑगस्टला

२बी आल्यावर बायरला तीन ओळी जायला हव्यात, त्याने विचारण्याची वाट न बघता. हा भाग जवळजवळ कोणीच करत नाही. बायरने फोन केला, क्वालिटीच्या टेबलापर्यंत गेला, आणि पुढे काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा यादी आली की त्याला वाटतं, मागच्याचं काय झालं कोण जाणे.

> सर, कास्टिंगची सहाही बिलं आजच्या २बीत आली. ४,३०,००० चं क्रेडिट या महिन्यात घेतोय. रिपोर्ट तुम्ही वेळेत मिळवून दिलात म्हणून जमलं, हे मी आमच्या साहेबांनाही सांगितलंय. मशीनिंगचं बिल तुमचा भाव ठरेपर्यंत बाजूला ठेवलंय. ठरला की एक मेसेज टाका.

आणि फळ आलं नसेल तरी कळवावं. 'तुम्ही फोन केलात, त्यांनी भरतो म्हटलं, पण आज पोर्टलवर दिसत नाही' एवढं. त्यामुळे पुढचा फोन करायचा की नाही हे बायरला ठरवता येतं, आणि सप्लायरने शब्द पाळला नाही ही गोष्ट त्याच्याही हिशेबात जमा होते. तीच गोष्ट पुढच्या वेळी भाव ठरवताना त्याच्या कामी येते.